तिसऱ्या गटाची ओळ : क्षार-विश्लेषणाचा निरीक्षण-तक्ता वापरणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

आमच्या दुकानातून रसायने आणि छापील निरीक्षण-तक्ते नेणाऱ्या इंदूरमधील शाळांना, शिक्षकांना आणि अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे पत्रक तक्त्यासोबत दिले जाते. तक्त्यात शून्यापासून सहाव्या गटापर्यंतच्या सर्व ओळी आहेत, पण येथे आम्ही फक्त तिसऱ्या गटाविषयी लिहीत आहोत, कारण चुकीचे उत्तर येते ते बहुधा याच ओळीपासून.

तिसऱ्या गटाचे अभिकारक म्हणून तक्त्यात ‘अमोनियम क्लोराइडच्या उपस्थितीत अमोनियम हायड्रॉक्साइड’ असे छापले आहे. यातील पहिला अर्धा भाग शोभेसाठी नाही. अमोनियम क्लोराइडमुळे द्रावणात अमोनियम आयन भरपूर होतात, त्यामुळे अमोनियम हायड्रॉक्साइडचे आयनीभवन दबते आणि हायड्रॉक्साइड आयन अगदी थोडे उरतात. तेवढ्यात लोह आणि ॲल्युमिनियम यांची हायड्रॉक्साइडे खाली बसतात, पण जस्त, मँगनीज आणि मॅग्नेशियम द्रावणातच राहतात. म्हणून आधी घन अमोनियम क्लोराइड घालून ते पूर्ण विरघळू द्यावे आणि मगच अमोनिया थेंबाथेंबाने, नळी हलवत, वास येईपर्यंत घालावा. त्यापुढे ओतत राहू नये, कारण जास्त अमोनियात ॲल्युमिनियमचा अवक्षेप थोडा विरघळतो.

समजा, दिलेला क्षार झिंक सल्फेट आहे. विद्यार्थ्याने मूळ द्रावणातून साधारण 2 मिली घेतले, अमोनियम क्लोराइड घालायचे राहून गेले आणि अमोनियाचे थोडे थेंब टाकताच पांढरा, जिलेटिनसारखा अवक्षेप आला. तो झिंक हायड्रॉक्साइडचा आहे, पण ॲल्युमिनियमच्या अवक्षेपाशेजारी ठेवला तर डोळ्यांना फरक कळत नाही. त्याने निरीक्षण लिहिले, अनुमानात ‘Al³⁺’ लिहिले आणि खात्रीसाठी सोडियम हायड्रॉक्साइड घातले. अवक्षेप जास्त अल्कलीत विरघळला, आणि त्याला वाटले की उत्तर पक्के झाले. पण दोन्ही धातूंची हायड्रॉक्साइडे अशीच विरघळतात. ही चाचणी त्या दोघांत निवाडा करूच शकत नाही.

निवाडा करणाऱ्या चाचण्या वेगळ्या आहेत. पांढरा अवक्षेप विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून त्यात निळ्या लिटमसच्या द्रावणाचे दोन थेंब घालावेत आणि नळीच्या कडेने अमोनिया हळूहळू सोडावा. ॲल्युमिनियम असेल तर रंगहीन द्रावणात निळा पुंजका तरंगताना दिसतो. हीच लेक टेस्ट. संपूर्ण द्रावणच निळे झाले असेल तर ती लेक टेस्ट नव्हे, तो नुसता लिटमसचा रंग आहे. जस्ताची शंका असेल तर अमोनियम क्लोराइड घालून प्रयोग पुन्हा करावा. आता अवक्षेप येत नाही आणि त्याच अमोनियायुक्त द्रावणात हायड्रोजन सल्फाइड सोडला की मळकट पांढरा अवक्षेप येतो, म्हणजे चौथा गट. तो अवक्षेप विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून, उकळून वायू घालवावा, द्रावण अमोनियाने उदासीन करावे आणि पोटॅशियम फेरोसायनाइड घालावे. निळसर पांढरा अवक्षेप आला की जस्त निश्चित. सुरुवातीच्या कोळशाच्या खळग्यातल्या चाचणीत अवशेष गरम असताना पिवळा आणि थंड झाल्यावर पांढरा दिसला असेल, तर तीही नोंद जस्ताच्याच बाजूने बोलते. तक्त्यातील कोरड्या चाचण्यांकडे परत जाऊन पाहण्याची सवय फार उपयोगी पडते.

दुसऱ्या गटासाठी हायड्रोजन सल्फाइड सोडलेलेच द्रावण पुढे नेत असाल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. ते नीट उकळून वायू पूर्ण घालवावा. नाही तर अमोनिया पडताच चौथ्या गटाची सल्फाइडे तिसऱ्या गटाच्या ओळीतच उतरतात. नळीच्या तोंडाशी लेड ॲसिटेटने भिजवलेला कागद धरावा. तो काळा पडत असेल तर वायू अजून शिल्लक आहे. वायू गेल्यावर संहत नायट्रिक आम्लाचे दोन-तीन थेंब घालून पुन्हा उकळावे, म्हणजे फेरस लोह फेरिक होते आणि तपकिरी अवक्षेप पूर्ण मिळतो. प्रत्येक गटासाठी नवे मूळ द्रावण घेत असाल तर वायूचा प्रश्न उरत नाही, पण नायट्रिक आम्लाची पायरी तरीही टाळू नये.

आमच्या तक्त्यातील अनुमानाचा रकाना मुद्दाम कोरा ठेवला आहे. काही ठिकाणी आधीच भरलेले तक्ते मिळतात. आमच्या मते ते घेण्यापेक्षा साधी वही बरी. या ओळीत पांढरा अवक्षेप दिसला की ‘तिसरा गट असण्याची शक्यता’ इतकेच लिहावे. आयनाचे नाव खात्रीच्या चाचणीच्या ओळीतच यावे.

या तक्त्याची एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. क्षारात फॉस्फेट असेल आणि तो आम्लात विरघळवून घेतला असेल, तर कॅल्शियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम किंवा मॅग्नेशियमचे फॉस्फेटसुद्धा अमोनियाने याच ओळीत पांढरे खाली बसते. त्यामुळे ऋणायनांच्या तपासणीत अमोनियम मॉलिब्डेटने पिवळा अवक्षेप दिला असेल, तर फॉस्फेट काढून टाकल्याशिवाय तिसऱ्या गटाचे निरीक्षण ग्राह्य धरू नये.