एक बटण, चोपन्न घरं आणि काकांचा गाल

परवा फॅमिली ग्रुपवर परत तो फॉरवर्ड आला, स्टीफन हॉकिंगचा कॉम्प्युटर म्हणे त्याच्या मनातलं वाचायचा आणि आता तसली चिप सगळ्यांच्या डोक्यात बसणार. नाही हो. हॉकिंगच्या चष्म्याला एक इन्फ्रारेड सेन्सर होता, तो गालाची हालचाल बघायचा. गाल हलला म्हणजे बटण दाबलं, बस्स. बाकी बरीचशी करामत स्क्रीनवर आपोआप सरकणाऱ्या चौकटीची, आणि मला तिच्याबद्दलच लिहायचंय, कारण ती आम्ही वेंगुर्ल्यात घरी करून बघितली.

आमचे काका माडावरून पडले, मानेचा चौथा मणका. खांदे थोडे उचलतात, मान वळते, हात नाहीत. एका हाताचा कीबोर्ड असतो पण त्याला चालणारी बोटं लागतात, मोठा ट्रॅकबॉल मुठीने किंवा कोपराने फिरवता येतो पण त्याला दंड तरी हलावा लागतो, म्हणजे ते दोन्ही बाद. उरला स्विच. जुना माऊस उघडला, डाव्या बटणाच्या दोन टोकांना दोन वायरी सोल्डर केल्या, दुसऱ्या टोकाला एक मायक्रोस्विच, तो स्पंजच्या तुकड्याखाली उशीजवळ गालाला लागेल असा बांधला. माऊसच्या खालच्या सेन्सरवर काळी टेप लावली, नाहीतर पॉइंटर भटकतो.

आता एका बटणाने अक्षरं कशी निवडायची? आम्ही लॅपटॉपवर ९ ओळी आणि ६ रकाने, म्हणजे ५४ घरांचा तक्ता केला. एकदा उजळलं की एक ठोका धरा, तर एकेक घर उजळत गेलं तर एका अक्षराला सरासरी साडेसत्तावीस ठोके लागतात. त्याऐवजी आधी अख्खी ओळ उजळते, गाल दाबला की त्या ओळीतली घरं एकेक उजळतात, परत दाबलं की अक्षर. सरासरी साडेआठ ठोके, दोनदा दाबून काम झालं!

पण तक्ता शाळेतल्या बाराखडीसारखा लावला तर आपण फसतो. आमच्या पहिल्या तक्त्यात 'पाणी' लिहायला प ला ७, कान्याला ११, ण ला ६ आणि दुसऱ्या वेलांटीला १३ असे ३७ ठोके पडले. मराठीत काना जिथेतिथे लागतो आणि आम्ही त्याला आठव्या ओळीत टाकलेला! मग काना पहिल्या ओळीत पहिला, वेलांटी दुसरीत पहिली, प आणि ण वर आणले, तोच शब्द १७ ठोक्यांत.

एक ठोका किती सेकंदांचा? इथे या क्षेत्रात एक साधा अंदाज वापरतात, माणसाला उजळलेलं बघून दाबायला सरासरी जेवढा वेळ लागतो त्याला ०.६५ ने भागायचं. काकांना ०.८ सेकंद लागायचे, म्हणून ठोका साधारण १.२ सेकंद. उरलेली फट दमलेल्या वेळेसाठी. म्हणजे 'पाणी' आधी ४४ सेकंद, नंतर २० सेकंद. ओळीतल्या पहिल्या घराला आम्ही अर्धा सेकंद जास्त दिला, कारण ओळ निवडून गाल उचलेपर्यंत ते घर निघून जायचं, ते वरच्या हिशोबात धरलेलं नाही.

चुका झाल्या की आधी चूक कुठली ते बघायचं. हव्या अक्षराच्या पुढचंच अक्षर येतंय तर ठोका फास्ट आहे, वाढवा. आधीचं येतंय तर माणूस घाई करतोय, थांबून बघायला सांगा. आणि दर वेळी ओळीतलं पहिलंच अक्षर येतंय तर गाल दोनदा दाबला जातोय, झटका असतो तो, मग प्रोग्रॅममध्ये एका दाबानंतर अर्धा सेकंद दुसरा दाब मोजायचाच नाही असं करावं लागतं. हे कळायच्या आधी आम्ही आठवडाभर ठोकाच कमी-जास्त करत बसलो होतो आणि शेजारच्यांनी देवळात कौल लावायला सांगितलं, पाकळी उजवीकडून पडली म्हणे, पण काकांचं अक्षर काही सुधरेना. आणि दाबलं तरी काहीच होत नसेल तर आधी स्विचचे पत्रे बघा, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत त्यांच्यावर थर चढतो, आमचा पहिला स्विच एका पावसाळ्यात गेला.

मग मी हुशारी करून तक्त्याच्या वर सहा तयार शब्दांची एक ओळ टाकली, सुरुवातीची अक्षरं जुळतील तसे शब्द बदलणारी. याची किंमत असते, खालच्या प्रत्येक अक्षराला एक ठोका वाढतो, त्यामुळे शब्द बरोबर सुचला तरच फायदा. काकांनी 'पंख' लिहिल्यावर वर 'पंखा' उजळलं. दोन दाबांचं काम, पण त्यांनी तिकडे बघितलंही नाही, खालची ओळ येईपर्यंत थांबले आणि काना-मात्रा निवडली.

पंखो बंद कर.

त्या रात्री बसून मी शब्दांची यादी मालवणीत बदलली.