पेरॉक्साइडमधला उणे एकचा ऑक्सिजन

परवा कुणीतरी एक व्हिडिओ फॉरवर्ड केला. काचेच्या भांड्यात पोटॅशियम परमँगनेटचं गडद जांभळं पाणी, त्यात थोडं सल्फ्युरिक ॲसिड, वरून हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की बुडबुडे येतात आणि रंग पार उडतो. खाली लिहिलेलं, "पेरॉक्साइडने रंगाचं ऑक्सिडेशन केलं". चक्क उलटं आहे हे! ऑक्सिडेशन म्हणजे इलेक्ट्रॉन जाणं, आणि इथे ते झालंय पेरॉक्साइडचं. पण पेरॉक्साइड म्हणजे ब्लीच, ब्लीच म्हणजे ऑक्सिडायझर, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं ना, त्यामुळे असं होतं.

कोण खरं ते ऑक्सिडेशन नंबर काढला की कळतं. त्यासाठी नियम पाठ करत बसण्यापेक्षा त्यामागचा हिशोब बघा, सोपा आहे. दोन अणूंमध्ये बाँड असेल तर त्यातले इलेक्ट्रॉन ज्याची ओढ जास्त त्याच्या नावावर लिहून टाकायचे, आणि दोन्ही अणू एकाच मूलद्रव्याचे असतील तर निम्मे निम्मे. मग मोकळ्या अणूच्या मानाने कुणाकडे किती जास्त आले किंवा किती गेले ते मोजायचं. पाण्यात ऑक्सिजन दोन हायड्रोजनकडून एकेक इलेक्ट्रॉन घेतो म्हणून तो −2 आणि हायड्रोजन प्रत्येकी +1. आता पेरॉक्साइड, म्हणजे H–O–O–H, यात प्रत्येक ऑक्सिजनच्या एका बाजूला हायड्रोजन आहे, तिथून एक इलेक्ट्रॉन मिळाला, पण दुसऱ्या बाजूला त्याचाच जुळा भाऊ, तिथे वाटणी समसमान, मिळकत शून्य. म्हणून इथे ऑक्सिजन −1. "पेरॉक्साइडमध्ये अपवाद" असं पुस्तकात एका ओळीत असतं आणि आपण तो घोकतो, पण हिशोब तोच आहे, अपवाद वगैरे काही नाही.

आता −1 म्हणजे अधांतरी जागा. ऑक्सिजन तिथून खाली −2 ला जाऊन पाणी होऊ शकतो किंवा वर शून्याला जाऊन ऑक्सिजन वायू. कुठे जाणार ते समोर कोण आहे त्यावर.

समोर आहे परमँगनेट, MnO₄⁻. चार ऑक्सिजन, प्रत्येकी −2, मिळून −8, आणि आयनवर एकूण चार्ज −1, म्हणजे मँगनीज +7. (मँगनीजवर खरोखर सात धन चार्ज बसलेले नसतात हं, हा वहीतला हिशोब आहे.) शेवटी तो Mn²⁺ होतो, म्हणजे +2. सातवरून दोनवर आला, पाच इलेक्ट्रॉन घेतले, त्याचं रिडक्शन झालं. पेरॉक्साइडचे दोन ऑक्सिजन −1 वरून 0 वर, मिळून दोन इलेक्ट्रॉन गेले, त्याचं ऑक्सिडेशन. घेतलेले आणि दिलेले इलेक्ट्रॉन सारखे हवेत, तर दोन परमँगनेटला पाच पेरॉक्साइड, दहाला दहा:

2MnO₄⁻ + 5H₂O₂ + 6H⁺ → 2Mn²⁺ + 5O₂ + 8H₂O

आता गंमत बघा. नुसते अणू मोजून बॅलन्स करायला बसलात तर हेही जमतं:

2MnO₄⁻ + H₂O₂ + 6H⁺ → 2Mn²⁺ + 3O₂ + 4H₂O

मोजून बघा, ऑक्सिजन दोन्हीकडे दहा, हायड्रोजन आठ, चार्जसुद्धा दोन्हीकडे +4. सगळं बरोबर आणि तरी समीकरण चूक! एका पेरॉक्साइडमधून फक्त दोन इलेक्ट्रॉन निघतात आणि मँगनीजना हवेत दहा. उरलेले आठ परमँगनेटच्याच −2 वाल्या चार ऑक्सिजननी दिले असं मानावं लागतं, म्हणजे वायूतला दोन तृतीयांश ऑक्सिजन परमँगनेटमधून आला असं होतं. पण जड ऑक्सिजन-18 ची खूण लावून केलेल्या प्रयोगांत बाहेर पडणारा ऑक्सिजन पेरॉक्साइडमधलाच निघतो, तोही O–O जोडी न तुटता. टायट्रेशन केलं, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब घालून किती लागतं ते मोजलं, तरी प्रमाण दोनास पाचच येतं.

या बुडबुड्यांवरून आठवलं, "पेरॉक्साइड पाण्यात घालून प्या, शरीराला ऑक्सिजन मिळतो" असे मेसेज फिरतात. ऑक्सिजन सुटतो हे खरं, पण तो सुटतो पोटात, फुप्फुसात नाही, आणि पेरॉक्साइड तीव्र असेल तर वायूचे बुडबुडे रक्तवाहिन्यांत शिरून माणूस दगावू शकतो. नका पिऊ.

हा सगळा हिशोब ॲसिड पुरेसं असेल तरच लागू. ॲसिड कमी पडलं तर मँगनीज +2 पर्यंत न पोचता +4 ला अडकतो, MnO₂ म्हणून, आणि पाणी नितळ व्हायच्या ऐवजी तपकिरी गाळ दिसतो. तिथे एक परमँगनेट पाच नाही, तीनच इलेक्ट्रॉन घेतं. त्यात हा गाळ स्वतः कॅटॅलिस्ट, त्याच्या संगतीत पेरॉक्साइड आपापसातच भिडतं, एका रेणूतले ऑक्सिजन शून्यावर चढतात आणि दुसऱ्यातले −2 ला उतरतात, म्हणजे ऑक्सिडेशन झालेला आणि रिडक्शन झालेला पदार्थ एकच. मग परमँगनेट संपलं तरी बुडबुडे येतच राहतात आणि टायट्रेशनचा आकडा पार बिघडतो.