‘आईला ओळखत नाही, म्हणजे स्मरणशक्ती गेली’

“स्वतःच्या आईला ‘ही माझी आई नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरीच बाई आहे’ म्हणतो, म्हणजे त्याची स्मरणशक्ती गेली.”

त्याचं बोलणं नीट ऐका. ‘तिच्यासारखी दिसणारी’ असं तो म्हणतो, म्हणजे चेहरा त्याला बरोबर ओळखू येतो. आईचा जुना फोटोही तो ओळखतो. जवळच्या माणसाला असं तोतया समजण्याला कॅपग्रास भ्रम म्हणतात.

ओळखीचा चेहरा दिसला की मेंदूत दोन गोष्टी घडतात: चेहरा कोणाचा ते कळतं आणि आपलेपणाची भावना जागी होते. ही भावना जागी होताना तळहाताला नकळत किंचित घाम येतो, तो यंत्राने मोजता येतो. या रुग्णांमध्ये घरच्यांच्या आणि परक्यांच्या फोटोंना प्रतिसाद जवळपास सारखाच येतो. चेहरा आईचा, पण आतून काहीच हलत नाही. मग ‘ही तोतया’ हाच अर्थ मेंदू लावतो. काही रुग्ण त्याच आईशी फोनवर मात्र नेहमीसारखं बोलतात, कारण आवाजाचा मार्ग वेगळा असतो.

अर्थात एवढ्यानेच भ्रम होत नाही. हा प्रतिसाद हरवलेल्या इतर काहींना असा भ्रम होत नाही. त्यामुळे विचार पडताळण्याच्या क्षमतेतही बिघाड असावा, असं मानलं जातं.

पुरावे देऊन वाद घालू नका. मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. भ्रम अचानक सुरू झाला किंवा रुग्ण ‘तोतया’वर चिडू लागला, तर लगेच.