पगडी, पागोटं की फेटा? जुन्या फोटोवरून ओळखताना

घरातला जुना फोटो बाहेर निघाला की पणजोबांच्या डोक्यावर काय आहे यावर हमखास वाद होतो. एक जण म्हणतो पुणेरी पगडी, दुसरा म्हणतो फेटा, तिसरा ठासून सांगतो, "लाल पगडी होती, मी आजीकडून ऐकलंय." फोटो कृष्णधवल, तेव्हा लाल कुठून दिसणार हा प्रश्न कोणी विचारत नाही. खरं तर ओळख पटवायची तर रंगाला सगळ्यात शेवटी हात घालावा आणि सुरुवात करावी कापड डोक्यावर कसं टिकून राहिलंय या प्रश्नापासून.

महाराष्ट्रातल्या शिरोभूषणांची नावं भरपूर आहेत, पण बनावटीच्या दृष्टीने मुख्य भेद एकच. काही डोक्यावर बांधायची असतात, काही आयती ठेवायची. फेटा, पागोटं, मुंडासं, रुमाल ही सगळी बांधायची. कापड डोक्याभोवती गुंडाळलं जातं आणि सोडलं की पुन्हा नुसतं कापड उरतं. पगडी मात्र पगडबंदाने ताठ बैठकीवर कापड बसवून, टाके घालून तयार केलेली असते. ती टोपीसारखी डोक्यावर ठेवायची आणि घरी आल्यावर खुंटीला किंवा डब्यात. बोलताना आपण 'पगडी' हा शब्द सगळ्यांनाच लावतो, पण फोटो वाचताना हा फरक धरून ठेवला तर निम्मं काम तिथेच होतं.

हा फरक फोटोत दिसतो तो तीन जागी. पहिली जागा कपाळ. बांधलेलं कापड मऊ असतं, ते कपाळाला आणि कानशिलाला चिकटून बसतं. त्याची खालची कड थोडी वरखाली होते, कधी एका कानाची पाळी तिच्याखाली दबलेली असते. शिवलेल्या पगडीची कड ताठ. डोकं तंतोतंत तिच्या मापाचं नसतं, म्हणून कानशिलापाशी कड आणि कातडी यांच्यामध्ये सावलीची बारीक फट दिसते. भिंग घेऊन ही फट शोधायची. दुसरी जागा घड्यांची. हाताने बांधताना प्रत्येक वेढ्याला ताण कमीजास्त पडतो, त्यामुळे दोन घड्यांमधलं अंतर सारखं राहत नाही आणि समोर वेढे एकमेकांना तिरपे छेदतात. पगडीवरचे पीळ मात्र एकाच जाडीचे, समांतर, आणि एका ठिकाणाहून निघून दुसऱ्या ठिकाणी नीट मिटलेले असतात. तिसरी जागा म्हणजे कापडाची टोकं. बांधलेल्या कापडाला दोन टोकं असतातच आणि ती कुठेतरी जायलाच हवीत. कोल्हापुरी फेट्यात एकाचा वर तुरा होतो, दुसरं मागे शेमला म्हणून सुटतं. इतर बांधणींत ती आत खोचलेली असतात, तरी खोचल्याजागी फुगवटा राहतो. पगडीला असं सुटं टोक नसतं.

बांधायच्या प्रकारांत आपसात फरक करायचा तर कापडाची रुंदी बघावी. फेट्याचं कापड रुंद, साधारण मीटरभर, आणि लांबीला सहा ते नऊ मीटर. ते चुरगाळून, हलका पीळ देत गुंडाळतात, म्हणून त्याचे वेढे जाड आणि फुगीर दिसतात. पागोट्याचा पट्टा अरुंद आणि लांबलचक. त्याचे वेढे बारीक आणि संख्येने जास्त. रुमाल चौकोनी कापडाचा, त्यामुळे वेढे दोन-चारच पडतात आणि डोक्यावरचा पसारा कमी. जोतीराव फुल्यांचं नेहमीचं छायाचित्र आणि लोकमान्य टिळकांचं नेहमीचं छायाचित्र शेजारी ठेवून पाहा. एकात बांधलेलं पागोटं आहे, दुसऱ्यात शिवलेली पगडी. आज समारंभात दोन्ही 'पगडी' म्हणून आयत्याच मिळतात, ही गोष्ट वेगळी.

आता रंगाकडे येऊ. इथे रसायनशास्त्र आडवं येतं. कॅमेऱ्यात ज्या काचेवर फोटो टिपला जाई, तिच्यावर चांदीच्या क्षारांचा थर असे. हे क्षार स्वभावतः फक्त निळ्या, जांभळ्या आणि अतिनील प्रकाशानेच बदलतात. तांबडा प्रकाश त्यांच्यावर कितीही पडला तरी त्यांना पत्ता लागत नाही. १८७३ मध्ये हर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाला असं आढळलं की थरात ठरावीक रंगद्रव्यं मिसळली तर हिरवा प्रकाशही नोंदला जातो. तरीही तांबडा बाहेरच राहिला. तांबड्यासह सगळे रंग टिपणाऱ्या काचा बाजारात मिळू लागल्या त्या १९०६ पासून, आणि सगळ्या स्टुडिओंपर्यंत त्या पोचायला आणखी बरीच वर्षं गेली.

परिणाम असा की त्या काळच्या फोटोत लालभडक पगडी जवळजवळ काळी दिसते. केशरी, पिवळ्या रंगाचं कापडही आपल्या डोळ्याला दिसतं त्याहून बरंच गडद येतं. उलट आकाशी निळं कापड पांढरं म्हणून खपून जातं. जरीचंही तेच. सोनेरी काठ जिथे थेट चमकतो तिथे उजळ ठिपके, बाकी सगळा करडा किंवा काळपट. म्हणून 'पांढरं पागोटं, काळा काठ' असं वर्णन करण्याआधी थांबलेलं बरं.

फोटो कोणत्या प्रकारच्या काचेवर काढलाय हे कळायला घरातल्याच फोटोत एक फार सोयीची खूण असते. शेजारी बाई उभी असेल तर तिचं कुंकू बघावं. कुंकू कोणत्या रंगाचं हे आपल्याला आधीच माहीत आहे. ते शाईच्या ठिपक्यासारखं काळं उमटलं असेल तर ती काच तांबड्याला आंधळी होती असं धरायला हरकत नाही. त्यावरून पगडीबद्दलही थोडं बोलता येतं, पण एकाच बाजूने. पगडी कुंकवाइतकीच काळी दिसली तर ती लाल असेलच असं नाही, कारण काळी, तपकिरी, गडद हिरवी पगडीही तशीच दिसेल. पगडी कुंकवापेक्षा स्पष्ट उजळ दिसली तर मात्र ती लालभडक नव्हती हे खात्रीने सांगता येतं. आजीची आठवण कितीही पक्की असली तरी.

हाताने रंगवलेल्या फोटोंचा भरवसा तर मुळीच धरू नये. रंगवणाऱ्याने ती पगडी पाहिलेली असेलच असं नाही. त्याच्या कुंचल्यावर जो रंग असेल तो तिला मिळायचा.

एका परिचित कुटुंबातला फोटो उदाहरणादाखल घेतो. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, सुमारे ११ सेंटिमीटर रुंद आणि साडेसोळा सेंटिमीटर उंच. या मापाचे फोटो १८६६ नंतर लोकप्रिय झाले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालले. गृहस्थ खुर्चीत, पत्नी शेजारी उभी. घरातली समजूत अशी की डोक्यावर लाल फेटा आहे.

भिंगातून पाहिलं तर डाव्या कानशिलापाशी सावलीची फट स्पष्ट होती आणि दोन्ही कान मोकळे. कडेवरचे पीळ एकसारखे आणि समांतर. माथ्यावर मधोमध नव्हे तर किंचित बाजूला एक उंचवटा, आणि सुटं टोक कुठेच नाही. मग मापाची पडताळणी केली. मोठ्या माणसाच्या दोन बुबुळांच्या मध्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटर असतं. फोटोत ते ७ मिलिमीटर भरलं, म्हणजे फोटोतला १ मिलिमीटर प्रत्यक्षातले ९. शिरोभूषणाची रुंदी फोटोत २२ मिलिमीटर, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे २० सेंटिमीटर. डोकंच साधारण १५ सेंटिमीटर रुंद धरलं तर दोन्ही बाजूंना अडीच-अडीच सेंटिमीटर उरतात. आठ मीटरचा फेटा असता तर तुरा आणि शेमला यांना दोन मीटर देऊनही सहा मीटर कापड डोक्याभोवती आठ-नऊ वेळा फिरलं असतं. मीटरभर रुंदीच्या कापडाचे एवढे वेढे अडीच सेंटिमीटरांत बसवणं अवघड आहे. हे माप अंदाजाचंच, कारण बुबुळांचं अंतर माणसागणिक पाच-सहा मिलिमीटरने सहज बदलतं आणि मान वळलेली असली तर ते कमी दिसतं. तरी फट, पीळ आणि माप तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते. फेटा नव्हे, शिवलेली पगडी.

आणि रंग? पत्नीचं कुंकू ठार काळं होतं, पगडी मध्यम करडी. म्हणजे लालही नव्हे. कुटुंबाला हे फारसं रुचलं नाही.

पुढचा प्रश्न साहजिकच, "पगडी ठीक, पण कोणती?" इथे हात जरा आखडता घ्यावा लागतो. पुणेरी, शिंदेशाही, होळकरशाही, बडोद्याची अशी नावं गावांवरून आणि दरबारांवरून पडली, आणि त्यांच्यातला फरक बराचसा माथ्याच्या घडणीत आणि बाजूच्या वळणात असतो. समोरून काढलेल्या एका फोटोत यातलं अर्धंच दिसतं. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे आजच्या पगडीचं वर्णन तरी नोंदलेलं आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीचा पगडबंद मात्र गिऱ्हाइकाच्या हौसेप्रमाणे फेरफार करत असणार. शिवाय फोटो उलटा छापलेला नाही ना, हेही बघावं लागतं. काचेची उलटी बाजू कागदाला लावली की उजव्या बाजूचा कल डावीकडे जातो. अंग उघडं असेल तर जानवं डाव्या खांद्यावर आहे का ते पाहावं, कोट असेल तर डावी बाजू वर आहे का ते पाहावं. आमच्या फोटोतल्या गृहस्थांचा कोट बरोबर होता.

पगडीवरून माणसाची जात किंवा हुद्दा ठरवायचा मोह मात्र टाळावा. फोटो काढायला जाताना लोक ठेवणीतलं घालत, कधी दुसऱ्याचंही. स्टुडिओत गेल्यावर साधा माणूस रुबाबदार दिसू पाहणारच.

घडीच्या टोपीचं काम त्या मानाने सोपं. गांधी टोपी दोन्ही टोकांना निमुळती, बाजूने सपाट, घडी घालून खिशात मावणारी. आकार ओळखायला काहीच त्रास नाही, पण तीच काट काळ्या कापडात आली की लोक तिला काळी टोपीच म्हणतात. म्हणजे तिथे नाव आकारापेक्षा रंगावर ठरतं, आणि तो काळा खरा काळा की न उमटलेला लाल, हा प्रश्न जुन्या फोटोत पुन्हा उभा राहतो.

अलीकडच्या लग्नांच्या फोटोंत उलटीच अडचण आहे. आयते शिवलेले फेटे आल्यापासून घड्या सारख्या दिसल्या म्हणजे पगडी हा नियम मोडला. अशा वेळी एकाला पाहू नये, रांगेतल्या चौघांना पाहावं. चौघांच्याही कपाळावर तीच घडी त्याच जागी आणि तुऱ्याच्या निऱ्याही मोजून तितक्याच असतील तर ते फेटे दुकानातून तयार आलेत. बांधणाऱ्याने एकेकाच्या डोक्यावर बांधले असते तर निदान एखाद्याचा तरी तुरा कलला असता.

त्या कुटुंबाने अल्बममध्ये अखेर असं लिहिलं: 'शिवलेली पगडी, बहुधा पुणेरी वळणाची, रंग लाल नाही.' 'बहुधा' खोडायचं तर त्याच गृहस्थांचा बाजूने काढलेला दुसरा फोटो हवा. नात्यातल्या एका घरी तो असल्याचं ऐकलंय, पण ट्रंकेची किल्ली सापडत नाही.