७५ टक्के उपस्थितीसाठी अजून किती लेक्चरं? हिशेब, अर्ज आणि कागदपत्रं

डिफॉल्टर लिस्ट नोटीस बोर्डावर लागली की ऑफिसच्या खिडकीवर दिवसभर एकच प्रश्न येतो: "सर, अजून किती लेक्चरं बसू?" विचारणाऱ्याने उत्तरही आधीच काढलेलं असतं आणि ते बहुतेक वेळा चुकलेलं असतं. पाच टक्के कमी आहेत, २४० लेक्चरं झाली आहेत, २४० चे पाच टक्के बारा, म्हणजे बारा बसलो की सुटलो. पण त्या बारा लेक्चरांनी पाच टक्के भरून निघत नाहीत. कारण पुढे सांगतो. आधी नियम बघू.

मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत उपस्थितीचा नियम ऑर्डिनन्स ६०८६ मध्ये आहे. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत तो सहसा छापलेला असतो, फक्त वाचला जातो तो लिस्ट लागल्यावर. त्यात दोन अटी आहेत आणि दोन्ही पाळाव्या लागतात. सगळ्या विषयांची मिळून सरासरी उपस्थिती किमान ७५ टक्के हवी आणि प्रत्येक विषयात स्वतंत्रपणे किमान ५० टक्के हवी. लेक्चर, प्रॅक्टिकल, ट्युटोरिअल सगळं यात धरलं जातं. कॉलेजने नेलेली आणि शिक्षकांच्या देखरेखीखालची अभ्याससहल किंवा क्षेत्रभेट असेल, तर त्या दिवशी वर्गात जेवढे तास झाले तेवढ्यांची हजेरी मुलाला मिळते. मुंबई विद्यापीठाबाहेरच्या मुलांनी आधी आपली टक्केवारी पाहून घ्यावी, मग पुढचं गणित करावं.

तिप्पट वजा चौपट

बारा लेक्चरांचं उत्तर का चुकतं? कारण तुम्ही बसता त्या प्रत्येक तासाबरोबर झालेल्या तासांची संख्याही एकाने वाढते. अपूर्णांकात वरचा आकडा वाढला तसा खालचाही वाढला. २४० पैकी १६८ तास बसलेल्या मुलीची उपस्थिती ७० टक्के आहे. ती आणखी बारा तास बसली तर २५२ पैकी १८० होतात, म्हणजे साधारण ७१.४ टक्के. पाचपैकी जेमतेम दीड टक्का भरून निघाला.

खरं उत्तर एका ओळीत निघतं. आतापर्यंत झालेल्या तासांची तिप्पट करा, त्यातून बसलेल्या तासांची चौपट वजा करा. उरेल तेवढे तास एकही न चुकवता बसायचं. आपल्या मुलीचे २४० ची तिप्पट ७२०, १६८ ची चौपट ६७२, उरले ४८. ताळा करून बघा: २८८ पैकी २१६, बरोबर ७५ टक्के. बारा नाही, अठ्ठेचाळीस! खिडकीवर हा आकडा ऐकला की मुलांचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

मोबाइलमधल्या शीटवर करायचं असेल तर B2 मध्ये झालेले तास आणि C2 मध्ये बसलेले तास टाका. पहिली ओळ ७५ टक्क्यांसाठी, दुसरी एखाद्या विषयाच्या ५० टक्क्यांसाठी:

```
=MAX(0, 3*B2-4*C2)
=MAX(0, B2-2*C2)
```

उत्तर नेहमी पूर्णांकातच येतं, त्यामुळे राउंड करायची भानगड नाही. हजेरीच्या ॲपवर मात्र ती भानगड असते. ७४.६ असेल तर काही ॲप स्क्रीनवर ७५ दाखवतात, मुलगा निर्धास्त राहतो आणि लिस्टमध्ये नाव येतं. म्हणून टक्के बघूच नका, झालेले आणि बसलेले हे दोन आकडे बघा.

लॉच्या मुलांचं वेगळं आहे. बार काउन्सिलच्या २००८ च्या नियमांत प्रत्येक विषयात ७० टक्के आहेत. त्यासाठी झालेल्या तासांच्या सातपटीतून बसलेल्यांची दसपट वजा करून तिनाने भागायचं आणि अपूर्णांक आला तर पुढचा पूर्ण आकडा धरायचा. मात्र दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये लॉच्या हजेरीबाबत वेगळा निकाल दिला आहे, तेव्हा आपल्या कॉलेजची ताजी नोटीस पाहिल्याशिवाय काही ठरवू नये.

तेवढे तास उरलेत का?

आकडा काढून झाला की टाइमटेबल घ्या आणि सत्र संपेपर्यंत किती तास होणार ते मोजा. मधल्या सुट्ट्या, अंतर्गत परीक्षेचे दिवस, सगळं वगळून. आपल्या मुलीला आठवड्याला वीस तास आहेत आणि उरलेत दोन आठवडे, म्हणजे चाळीस तास. हवेत अठ्ठेचाळीस. सगळे चाळीस बसली तरी २८० पैकी २०८ होतील, ७४.३ टक्के. ७५ साठी २१० लागतात. दोन तास कमी पडले.

असं झालं की मुलं हात टेकतात आणि उरलेली लेक्चरंही सोडतात. खरं तर अर्जाची वेळ इथेच येते, कारण त्या सूत्रात एक गंमत लपलेली आहे. तुम्ही एक तास बुडवलात की हवे असलेले तास तीनने वाढतात. पण आधी होऊन गेलेल्या एखाद्या तासाची हजेरी तुम्हाला मान्य करून मिळाली, तर हवे असलेले तास चारने कमी होतात, कारण तिथे फक्त वरचा आकडा वाढतो, खालचा तसाच राहतो. एका मान्य तासाची किंमत पुढच्या चार तासांएवढी आहे.

ही मुलगी ऑगस्टमध्ये कॉलेजच्या संघातून आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेला गेली होती असं धरू. दोन दिवसांत वर्गात नऊ तास झाले आणि नऊच्या नऊ गैरहजेरीत गेले. ते मान्य झाले तर ४८ मधून नऊ चोक छत्तीस वजा होतात. उरतात बारा. २५२ पैकी १८९, बरोबर ७५ टक्के. चाळीस तास हातात असताना बारा बसणं काहीच नाही.

पण तिची दुसरी अट राहिलीच. अर्थशास्त्राचे ५० तास झालेत आणि ती बसली आहे २२, म्हणजे ४४ टक्के. विषयाच्या ५० टक्क्यांसाठी तिला त्या विषयाचे आणखी सहा हवेत आणि दोन आठवड्यांत होणार आहेत आठ. स्पर्धेतल्या नऊपैकी दोन तास अर्थशास्त्राचे असतील तर सहाचे दोन होतात. म्हणून अर्जात "नऊ तास" एवढंच लिहून भागत नाही, विषयवार फोड द्यावी लागते. सरासरी वरच्या कक्षेत गेली पण एका विषयात ५० झाले नाहीत, अशी दोन-चार मुलं दरवर्षी निघतात आणि त्यांना ते परीक्षेच्या तोंडावर कळतं.

अर्ज कोण करू शकतं, सोबत काय जोडायचं

ऑर्डिनन्सप्रमाणे स्पर्धा, शिबिर, कार्यशाळा, परिसंवाद अशा अभ्यासपूरक किंवा अभ्यासेतर उपक्रमात भाग घेताना बुडालेले तास उपस्थिती समितीच्या शिफारशीवरून प्राचार्य हजर धरू शकतात. म्हणून अर्ज प्राचार्यांच्या नावे, उपस्थिती समितीमार्फत करायचा. एनसीसी, एनएसएस, युवा महोत्सव, विद्यापीठाचे क्रीडा सामने ही नेहमीची प्रकरणं. घरच्या लग्नासाठी किंवा पार्ट-टाइम नोकरीसाठी बुडालेले तास यात बसत नाहीत, उगाच तसे अर्ज लिहू नका.

उपक्रमासाठी आयोजकांचं प्रमाणपत्र लागतं, पण त्यावर तारखा नसतील तर ते फारसं उपयोगी पडत नाही. बऱ्याच प्रमाणपत्रांवर नुसतं "सहभागाबद्दल" एवढंच असतं. तेव्हा आपल्या सांस्कृतिक किंवा क्रीडा विभागप्रमुखांकडून तारखांसकट पत्र घ्या आणि संघाच्या यादीत तुमचं नाव असलेली प्रत जोडा. जाण्याआधी परवानगीचा अर्ज दिला असेल तर त्याची प्रत सर्वांत वजनदार ठरते.

आजारपणाची प्रकरणं समिती एकेक करून पाहते. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर त्यांचा नोंदणी क्रमांक, कधीपासून कधीपर्यंत विश्रांती सांगितली त्या तारखा आणि शिक्का हवा. पुन्हा रुजू होण्यास योग्य असल्याचा दाखला, ॲडमिट झाला असाल तर डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं जोडा. परवा लिस्ट लागली आणि आज दोन महिन्यांपूर्वीच्या काविळीचं कोरं करकरीत प्रमाणपत्र आलं, तर समितीला शंका येणारच. बरे होऊन आलात त्याच आठवड्यात कागद जमा करून ठेवणं हाच उपाय. पालकांचं हमीपत्र कॉलेजच्या छापील नमुन्यात असेल तर तोच वापरा, स्टॅम्प पेपर कोणी मागितल्याशिवाय आणू नका.

सगळ्यांत उपयोगी कागद मात्र कोणी मागत नाही, तो आपणच करायचा. एका पानावर तक्ता: तारीख, वार, त्या दिवशीचे विषय आणि तास, शेवटी विषयवार बेरीज. सोबत त्या सत्राचं टाइमटेबल. समितीपुढे चाळीस-पन्नास अर्ज असतात. ज्याची बेरीज करून आलेली असते तो लवकर हातावेगळा होतो.

चूक मस्टरची असेल तर

हे अर्जाआधी तपासायला हवं, कारण यात मेहेरबानी मागायची नसते, दुरुस्ती मागायची असते. उशिरा प्रवेश झालेल्या मुलांना सुरुवातीला तात्पुरता रोल नंबर असतो. पुढे तो बदलतो आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांची हजेरी जुन्याच नंबरवर पडून राहते. मी एका कॉलेजात असताना एका मुलाचे असे सतरा तास सापडले होते. सतरा चोक अडुसष्ट! लिस्टमध्ये सर्वांत वर असलेलं त्याचं नाव दुसऱ्या लिस्टमध्ये नव्हतंच.

आणखी दोन जागा बघाव्यात. प्रॅक्टिकल दोन तासांचं असेल तर ते झालेल्या तासांत दोन धरलं आणि हजेरीत एक, असं झालेलं नाही ना? आणि सरांच्या रजेमुळे न झालेलं लेक्चर "झालेलं" म्हणून चढलेलं नाही ना? अशी दुरुस्ती विषयशिक्षकांच्या सहीनेच होते, ऑफिसातला क्लार्क मस्टरमधला आकडा बदलू शकत नाही. म्हणून तारखा लिहून थेट त्या विषयाच्या मॅडमना किंवा सरांना भेटा आणि त्यांची सही असलेला कागद समितीकडे द्या.

अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या. निर्णय तोंडी कळला तरी सुधारित यादी लागेल तेव्हा झालेले आणि बसलेले हे दोन आकडे पुन्हा तपासा. मान्य झालेले तास बसलेल्यांत मिळवायचे असतात. कधीकधी ते दोन्हीकडे मिळवले जातात, मग आपल्या मुलीचे २४९ पैकी १७७ होतात आणि हवे असलेले तास बाराऐवजी एकोणचाळीस दिसतात.