नफा-तोटा पत्रक आणि रोख पत्रक : दरमहा मिळणारे दोन कागद कसे वाचावेत

स. न. वि. वि.

आमच्या हिशेब-लेखन सेवेच्या पहिल्या महिन्याची चाचणी आपण घेणार आहात, म्हणून महिनाअखेर आपल्या हाती येणाऱ्या दोन कागदांविषयी आधीच लिहीत आहोत. एक नफा-तोटा पत्रक आणि दुसरे रोख पत्रक. दोन्ही एकाच महिन्याचे आणि एकाच दुकानाचे असूनही त्यांच्या तळाचे आकडे जवळजवळ कधीच जुळत नाहीत. त्यामुळे बहुतेक दुकानदारांचा पहिला फोन “एवढा नफा झाला म्हणता, मग पैसे गेले कुठे?” हे विचारण्यासाठीच येतो.

नफा-तोटा पत्रकात महिन्यात विकलेला माल, त्याच मालाची खरेदी किंमत आणि त्या महिन्याचे खर्च येतात. पैसे प्रत्यक्ष कधी मिळाले किंवा कधी दिले, याला तेथे स्थान नसते. रोख पत्रक म्हणजे आपला जुना रोजमेळच, फक्त त्यात गल्ल्याबरोबर बँकेचे खातेही धरलेले असते. पैसा आला की जमा आणि गेला की नावे, मग तो कशाचाही असो.

उदाहरणासाठी लग्नसराईच्या मे महिन्यातील भांड्यांचे एक दुकान घेऊ. आकडे कल्पित आहेत. दुकान जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहे, म्हणजे ग्राहकाकडून वेगळा कर न घेता विक्रीवर एक टक्का कर दुकानदार स्वतःच्या खिशातून भरतो, आणि खरेदीच्या बिलावरील कराची वजावट मिळत नसल्यामुळे तो कर मालाच्या किमतीतच धरला जातो.

महिन्याची विक्री ५,००,००० रुपये झाली. त्यातील ३,८०,००० रोख आणि यूपीआयने आले, तर १,२०,००० उधारीवर गेले. महिन्याच्या आरंभी दुकानात ६,००,००० रुपयांचा माल होता, महिन्यात ५,५०,००० रुपयांची खरेदी झाली आणि ३१ तारखेला मोजलेला शिल्लक माल ७,६०,००० रुपयांचा भरला. म्हणजे विकल्या गेलेल्या मालाची खरेदी किंमत ३,९०,००० रुपये आणि ढोबळ नफा १,१०,००० रुपये, म्हणजेच विक्रीच्या २२ टक्के. त्यातून भाडे, गड्यांचे पगार, वीज आणि हमाली मिळून ५५,०००, कर्जाचे व्याज ६,००० आणि कर ५,००० वजा केले की निव्वळ नफा ४४,००० रुपये उरतो.

आता रोख पत्रक पाहा. १ मे रोजी गल्ला आणि बँक मिळून १,७५,००० रुपये होते. रोख व यूपीआयच्या विक्रीचे ३,८०,००० आणि जुन्या उधारीच्या वसुलीचे ३०,००० असे ४,१०,००० रुपये आले. घाऊक व्यापाऱ्यांना ४,२०,००० दिले, वरचे खर्च ५५,००० झाले, कर्जाचा हप्ता १६,००० गेला आणि घरखर्चासाठी मालकाने ३५,००० उचलले. एकूण ५,२६,००० रुपये बाहेर गेले आणि महिनाअखेर ५९,००० उरले. नफा ४४,००० रुपयांचा, पण पैसा १,१६,००० रुपयांनी कमी.

या दोन आकड्यांमधला सांधा आम्ही रोख पत्रकाच्या खाली स्वतंत्रपणे मांडून देतो, आणि आमच्या मते महिन्याच्या अहवालातील सर्वांत उपयोगी भाग हाच आहे. ४४,००० रुपयांच्या नफ्यातून उधारीत ९०,००० आणि वाढलेल्या मालात १,६०,००० अडकले. कर्जाच्या हप्त्यातील १०,००० रुपयांची मुद्दल फेडली गेली, जी खर्च नसल्यामुळे नफ्यातून वजा झाली नव्हती, आणि घरखर्चाची उचलही खर्चात धरली जात नाही. उलट बाजूने, व्यापाऱ्यांचे १,३०,००० रुपये अजून द्यायचे असल्यामुळे तेवढा पैसा आज आपल्याकडेच राहिला. कराचे ५,००० रुपयेही हाताशी आहेत, कारण कंपोझिशनचा कर तिमाहीने, म्हणजे एप्रिल ते जूनचा १८ जुलैपर्यंत, भरायचा असतो. ही बेरीज-वजाबाकी केली की बरोबर १,१६,००० रुपयांची तूट येते.

या दुकानदाराने केवळ नफा पाहून आणखी माल मागवला, तर जूनमध्ये व्यापाऱ्यांचे १,३०,००० रुपये देताना तो अडचणीत येईल. केवळ गल्ला पाहून धंदा तोट्यात आहे असे त्याने मानले, तर तेही चुकेल. त्याची अडचण वसुलीची आणि जास्त भरलेल्या मालाची आहे.

चुका कोठे होतात, हेही दोन्ही कागदांत वेगळे असते. रोख पत्रकाची शिल्लक पासबुक आणि मोजलेला गल्ला यांच्याशी जुळावीच लागते; न जुळल्यास बहुधा मालकाची न लिहिलेली उचल किंवा घरच्या खात्यावर गेलेले यूपीआयचे पैसे सापडतात. नफा-तोटा पत्रकाला असा पहारेकरी नाही. शिल्लक माल १०,००० रुपयांनी जास्त धरला की नफा तेवढाच फुगतो आणि कोणतेही पासबुक तक्रार करत नाही. भांड्यांच्या दुकानात हे सहज घडते, कारण स्टीलची बरीच भांडी किलोने घेतली जातात आणि नगाने विकली जातात, आणि मोजणाऱ्याला नगाची विक्री किंमतच पाठ असते. माल नेहमी खरेदीच्या भावाने मोजावा. ढोबळ नफ्याचे प्रमाण एका महिन्यात २२ वरून ३० टक्क्यांवर गेले आणि आपण भाव वाढवले नसतील, तर आधी मालाची मोजणी पुन्हा करावी. दुसरी शक्यता अशी, की माल दुकानात आला, मोजलाही गेला, पण त्याचे बिल आमच्याकडे पोहोचलेच नाही.

चाचणीच्या महिन्यासाठी आम्ही शुल्क घेत नाही. पहिल्या तारखेचा गल्ला, बँकेचा उतारा, येणे-देणे असलेल्यांची यादी आणि मालाची मोजणी आरंभी लागेल. त्यानंतर खरेदीची बिले आणि दररोजच्या विक्रीची नोंद आठवड्यातून एकदा पाठवावी. महिना संपल्यावर ५ तारखेपर्यंत सर्व कागद मिळाल्यास १२ तारखेपर्यंत दोन्ही पत्रके आपल्या हाती येतील. जीएसटी किंवा प्राप्तिकराचे विवरणपत्र भरणे, तसेच मागील वर्षांच्या वह्या लावणे, यांचा या चाचणीत समावेश नाही.

एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पहिल्या तारखेचा माल अनेकांकडे अंदाजानेच लिहिला जातो, त्यामुळे पहिल्या महिन्याच्या नफ्याच्या आकड्यावर आम्ही स्वतःही फार भिस्त ठेवत नाही; दोन महिनाअखेरींच्या प्रत्यक्ष मोजण्या हाती आल्यावरच तो आकडा भरवशाचा होतो. रोख पत्रक मात्र पहिल्याच महिन्यात अचूक असायला हवे, म्हणून आमच्या कामाची पारख आपण त्यावरून करावी. त्यातील शिल्लक आपल्या पासबुकाशी आणि गल्ल्याशी जुळली नाही आणि फरक कशाचा हे आम्हाला दाखवता आले नाही, तर सेवा पुढे चालू ठेवू नये. आपण लेखी होकार दिल्याशिवाय दुसऱ्या महिन्याचे शुल्क सुरू होणार नाही, आणि नकार दिलात तरी चाचणीतील सर्व नोंदी आपल्याला एक्सेलच्या फाइलमध्ये परत मिळतील.

चाचणी ज्या महिन्यात घ्यायची, त्याच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुकान बंद केल्यानंतर माल आणि गल्ला मोजून ठेवावा. सकाळी पहिले गिऱ्हाईक आल्यावर ती मोजणी करता येत नाही.

कळावे.