वाढदिवसाची बारा पत्त्यांची मांडणी : घरी गेल्यावर काय करायचं

वाढदिवसाला आमच्याकडे टॅरोची वर्षाची मांडणी करून घेतलीत, की बारा पत्त्यांचा फोटो आणि एक छोटी वही तुमच्यासोबत येते. पत्त्यांच्या फोटोपेक्षा वही जास्त जपा.

पहिला पत्ता जानेवारीचा नसतो. तुमचा वाढदिवस 19 ऑगस्टला असेल, तर तो 19 ऑगस्ट ते 18 सप्टेंबरचा, आणि पुढचे त्याच क्रमाने. 31 तारखेला जन्मलेल्यांनी लहान महिन्यात शेवटचा दिवस धरावा. वाढदिवस तिथीने करत असलात तरी मांडणी तारखेनेच ठेवा. अधिक महिना आला की तिथीच्या वर्षात तेरा महिने होतात आणि एका महिन्याला पत्ताच उरत नाही. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, तेव्हा हे नक्की लक्षात ठेवा.

पत्ता उघडताना आम्ही त्याचा अर्थ सांगतो, तो तिथेच तुमच्या शब्दांत एका ओळीत लिहून घ्या. ओळ अशी हवी की ती चुकूही शकेल. “चढउतार येतील” हे कोणत्याही महिन्याला लागू पडतं, त्यामुळे पुढे पडताळायला काही उरत नाही.

महिना संपला की आधी पत्ता बघू नका. बँकेचं पासबुक, फोनमधले फोटो, कॅलेंडर चाळून महिन्यात काय घडलं ते चार ओळींत लिहा आणि मगच जुनी ओळ वाचा. उलट केलंत तर आठवणी पत्त्याकडे झुकतात, आणि हे सगळ्यांचंच होतं.

नौपाड्यातल्या एका ताईंचं उदाहरण त्यांच्या परवानगीने देतो. त्यांचा तिसरा पत्ता थ्री ऑफ स्वोर्ड्स होता: पावसात एक हृदय आणि त्यात रुतलेल्या तीन तलवारी. वहीत ओळ होती, “घरात कुणाशी तरी वाद.” 19 ऑक्टोबर ते 18 नोव्हेंबरच्या नोंदीत आलं ते असं: दिवाळीला नणंद राहायला, घर भरलेलं, वाद नाही, 12 नोव्हेंबरला बदलीचं पत्र. ताई म्हणाल्या, “बदलीचं वाईट वाटलंच की, मग जुळलं ना?” आम्ही “नाही” लिहायला सांगितलं, कारण ओळ वादाची होती. चौथा पत्ता सिक्स ऑफ स्वोर्ड्स, म्हणजे नावेतून पलीकडे निघालेली माणसं. त्याची ओळ होती, “जागा बदलेल.” पत्र त्या महिन्याच्या आठवडाभर आधीच आलं होतं आणि रुजू व्हायचं होतं डिसेंबरात. तिथे “अर्धं” लिहिलं.

प्रत्येक महिन्यापुढे “जुळलं”, “अर्धं” किंवा “नाही” यांतलं एकच लिहा, आणि एकदा लिहिलेलं बदलू नका. बरेच “नाही” आले तरी वही तशीच घेऊन या. कोणत्या पत्त्याची ओळ आपण दरवेळी भीतीपोटी लिहितो, हे त्यातूनच दिसतं.

औषधोपचार, कर्ज किंवा नोकरी सोडणं, यांतलं काहीही या वहीवरून ठरवू नका.

पुढच्या वाढदिवसाची वेळ ठरवताना वही भरलेली आहे का ते कळवा. ती सोबत वाचायला अर्धा तास जास्त राखून ठेवतो.